कादंबरी सहा महिन्यांनीही आठवावी म्हणून: वाचनवहीची साधी पद्धत

मोठी कादंबरी वाचून चार-सहा महिने उलटले की डोक्यात काय उरतं ते आठवून बघा. एखादा प्रसंग उरतो, पुस्तकाचं वातावरण उरतं आणि "फार छान होती" हे मत उरतं. पण नायकाच्या धाकट्या भावाचं नाव काय, तो घर सोडून का गेला, शेवटी नेमकं काय झालं, असं कोणी विचारलं की अडतं. ज्यांना भरपूर वाचायची सवय आहे त्यांना हे जास्त होतं, कारण एक पुस्तक पुरतं मुरायच्या आत दुसरं हातात येतं आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळतात.

यावर वही ठेवणं हा उपाय अनेकांनी करून पाहिलेला असतो. बहुतेकांची वही तिसऱ्या पुस्तकाशी थांबते. त्याचं कारण बहुधा आळस नसतो. काय लिहायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून एकतर सगळं लिहिलं जातं किंवा नुसतं मत लिहिलं जातं. खाली दिलेली पद्धत मी बरीच वर्षं वापरतो आहे. ती फक्त कथानक आणि पात्रं लक्षात राहावीत यासाठी आहे. परीक्षण लिहायचं असेल, भाषेचा अभ्यास करायचा असेल, तर वेगळी वही लागते. एका वहीत दोन्ही कामं करू नका.

उदाहरणासाठी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' घेतली आहे. १९६७ साली आलेली ही कादंबरी बहुतेक मराठी वाचकांच्या हाताखालून गेलेली असते, त्यामुळे गोष्ट आधी कळली म्हणून कोणाचा विरस होणार नाही. आणि वाचनवहीच्या दृष्टीने ती चांगलीच अवघड आहे. ती जाडजूड आहे, तिचे नऊ भाग आहेत, सहा जण आळीपाळीने आपली बाजू सांगतात आणि एकेका माणसाला चार-चार नावं आहेत. या पुस्तकाला जी पद्धत पुरते ती इतर कादंबऱ्यांना सहज पुरते.

काय काय लागेल

- दोनशे पानी, एकरेघी, शिवलेली वही. स्पायरलची नको, पानं फाटून सुटी होतात. फार देखणी, जाड कव्हरची डायरीही नको. तिच्यात खाडाखोड करायला जीव धजत नाही आणि या वहीत खाडाखोड होणारच.
- दोन रंगांची पेनं. एक नेहमीचं निळं किंवा काळं, दुसरं हिरवं. हिरव्याचं काम सहाव्या पायरीत येईल.
- पाठकोऱ्या कागदाच्या अर्ध्या पानाच्या पट्ट्या. कादंबरी जाड असेल तर दोन.
- पुस्तक वाचनालयाचं असेल तर परत करायची तारीख. ती आधीच वहीत लिहून ठेवा, कारण शेवटची नोंद पुस्तक हातात असतानाच करायची आहे.

### १. वहीची मांडणी आधी करून घ्या

वहीच्या सगळ्या पानांना आकडे घाला. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं असतं. पहिली चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. तिथे प्रत्येक कादंबरीसाठी एकच ओळ येईल: नाव, लेखक, वाचून संपवल्याचा महिना आणि वहीतलं पान.

मग प्रत्येक कादंबरीला एक जोडपान द्यायचं, म्हणजे वही उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं. डावीकडे माणसं, उजवीकडे गोष्ट. ही विभागणी मोडू नका. सहा महिन्यांनी वही उघडाल तेव्हा हवं ते कुठे असेल हे डोळ्यांना आधीच ठाऊक असलं पाहिजे. आडवं-तिडवं, जागा मिळेल तिथे लिहिलेलं पुन्हा वाचलं जात नाही.

दीड-दोनशे पानांच्या कादंबरीला एक जोडपान पुरतं. 'मृत्युंजय'सारख्या पुस्तकाला दोन द्या. तीन जोडपानं लागायला लागली तर समजा की तुम्ही पुस्तकाचा सारांश लिहिता आहात.

जोडपानाच्या माथ्यावर लेखक, प्रकाशनाचं वर्ष आणि तुमच्या हातातली आवृत्ती लिहा. आवृत्ती कशाला, असं वाटेल. पण नवी आवृत्ती नव्या टायपात निघाली की पानांचे आकडे बदलतात. आज नोंदवलेलं "पान २१०" दोन वर्षांनी दुसऱ्या प्रतीत उघडलं तर तिथे भलतंच काही असतं. म्हणून पानाच्या आकड्यासोबत भाग किंवा प्रकरण नेहमी लिहा. ते बदलत नाही.

### २. माणसांची पट्टी पुस्तकात ठेवा, वहीत नंतर उतरवा

वाचताना वही उघडायची नाही. वाचण्याची लय मोडते आणि चार दिवसांत वहीचाच राग यायला लागतो. वाचताना हातात फक्त कागदाची पट्टी असते. तीच खूण म्हणूनही वापरायची. नवं माणूस आलं की तिच्यावर एक ओळ लिहायची आणि पुढे वाचायचं.

एका ओळीत चार गोष्टी येऊ द्या: नाव, कोणाचं कोण, पहिल्यांदा कुठे भेटलं आणि एक खूण. खूण म्हणजे त्या माणसाने केलेली एखादी कृती, किंवा त्याची दिसणारी, ऐकू येणारी एखादी गोष्ट. "स्वभावाने प्रेमळ" ही खूण नव्हे. प्रेमळ माणसं प्रत्येक कादंबरीत पाच-सहा असतात, सहा महिन्यांनी त्यातलं कोणतं ते कळत नाही.

शोणची ओळ बघा:

> शोण – अधिरथ आणि राधेचा मुलगा, कर्णाचा धाकटा भाऊ. चंपानगरीत. कर्ण हस्तिनापूरला निघतो तेव्हा रथामागे धावत सुटतो.

यातला शेवटचा तुकडा सगळं काम करतो. लहान मुलगा धुळीतून रथामागे पळतो आहे हे चित्र एकदा कागदावर आलं की शोण पुन्हा विसरला जात नाही. त्याचं भावावरचं प्रेम वेगळं लिहावं लागत नाही. त्याच जागी "भावावर खूप जीव" एवढंच लिहिलं असतं तर ते वाक्य शंभर कादंबऱ्यांतल्या शंभर भावांना लागू झालं असतं.

प्रत्येक माणूस पट्टीवर यायला हवं असं नाही. दुसऱ्यांदा भेटेपर्यंत थांबलं तरी चालतं. एकदाच येऊन जाणारा टांगेवाला, दारातला शेजारी, दरबारातला दूत यांना पट्टीवर जागा देऊ नका. पण दुसऱ्यांदा आलेलं नाव ओळखू आलं नाही तर मात्र तिथेच थांबा, मागे जाऊन शोधा आणि पट्टीवर घ्या. "पुढे कळेलच" म्हणून सोडलेली माणसं पुढे गोंधळ घालतात.

### ३. एका माणसाची सगळी नावं एकाच ठिकाणी बांधा

मराठी कादंबरी वाचताना ही अडचण हमखास येते, म्हणून तिला स्वतंत्र पायरी दिली आहे. आपल्याकडे माणसाला नावाने हाक मारणारे थोडे असतात. एकच गृहस्थ मुलांचे अण्णा, भावजयीचे भाऊजी, गावाचे इनामदार आणि आईचा दत्तू असतो. सासरी आलेल्या सुनेचं नाव बदललेलं असतं, माहेरची माणसं आली की जुन्या नावाने हाक मारतात. लेखक प्रत्येक वेळी खुलासा करत बसत नाही. पन्नास पानांनी दत्तू आला की वाचक हा नवा कोण म्हणून चाचपडतो.

पट्टीवर प्रत्येक मुख्य पात्रापुढे थोडी जागा मोकळी सोडा आणि नवं नाव दिसलं की तिथे जोडा. त्यासोबत ते नाव कोण वापरतं किंवा कशावरून पडलं, तेही दोन शब्दांत लिहा. कर्णाची ओळ अशी होते:

> कर्ण = वसुसेन (घरचं नाव), राधेय (राधेवरून), सूतपुत्र (हिणवताना), अंगराज (दुर्योधनाने राज्य दिल्यावर), कौंतेय (जन्मावरून; हे बाहेर फार उशिरा येतं).

ही ओळ नीट वाचली तर निम्मी कादंबरी तिच्यातच आहे. कोणता माणूस कोणत्या वेळी कर्णाला कोणत्या नावाने बोलावतो यावरून त्याचं कर्णाशी नातं कळतं. सामाजिक कादंबरीतही तसंच होतं. घरात कालपर्यंत "सूनबाई" म्हणणारी सासू एके दिवशी नुसतं नाव घेऊन बोलते, तेव्हा काहीतरी तुटलेलं असतं. नावांची ओळ तयार असेल तर असा बदल चटकन नजरेत भरतो.

कुंतीच्या ओळीत "पृथा" लिहायला विसरू नका. कुंतिभोजाच्या घरी दत्तक येण्याआधीचं तिचं नाव ते.

### ४. बैठक संपली की पुस्तक मिटा आणि तीन ओळी लिहा

सगळ्या पद्धतीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. त्या दिवसाचं वाचन झालं की पुस्तक मिटून बाजूला ठेवायचं, पट्टीही त्यातच, आणि वहीच्या उजव्या पानावर आठवेल ते तीन-चार ओळींत लिहायचं. पुस्तक उघडून बघायचं नाही. नाव आठवलं नाही तर तिथे रेघ मारून जागा सोडायची. लिहून झालं की मगच पुस्तक उघडून रिकामी जागा भरायची.

पुस्तक समोर ठेवून लिहिलं तर नोंद नेटकी होते, हे खरं. पण तुमच्या डोक्याने काही केलेलं नसतं, फक्त हाताने इकडचं तिकडे नेलेलं असतं. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला देऊन हे तपासलं होतं. काहींना उतारा पुन्हा वाचायला सांगितला, काहींना तो न बघता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त सांगता आलं. आपल्याला पाच मिनिटांनंतरचं नको आहे, सहा महिन्यांनंतरचं हवं आहे. त्यामुळे आठवायला त्रास होतो आहे म्हणजे काहीतरी चुकतं आहे असं समजू नका. त्या त्रासासाठीच ही पायरी आहे.

ओळी कशा लिहायच्या यातही एक बारकावा आहे. "मग" हा शब्द शक्य तितका टाळा आणि घटना "म्हणून" आणि "पण" यांनी जोडा. "मग"ने जोडलेली गोष्ट म्हणजे नुसती यादी असते, तिच्यातला एक दुवा निसटला की पुढचं सगळं सुटं होतं. कारणांनी जोडलेल्या गोष्टीत एक टोक सापडलं की बाकीचं ओढून काढता येतं.

शस्त्रस्पर्धेचा भाग "मग"ने लिहिला तर असा दिसतो:

> राजपुत्रांची स्पर्धा होते. मग कर्ण येतो. मग त्याला कूळ विचारतात. मग दुर्योधन त्याला राजा करतो.

तोच "पण" आणि "म्हणून" वापरून:

> कर्ण भर आखाड्यात अर्जुनाला आव्हान देतो, पण राजपुत्राशी लढायला कूळ लागतं, म्हणून तो अडतो. दुर्योधनाला अर्जुनाच्या तोडीचा माणूस हवा असतो, म्हणून तो तिथल्या तिथे कर्णाला अंगदेशाचा राजा करतो. कर्णाचा मान राखला जातो, पण या उपकाराने तो दुर्योधनाशी कायमचा बांधला जातो.

दुसऱ्या नोंदीला थोड्या जास्त ओळी लागल्या, पण पुढची सगळी कादंबरी तिच्यावर टांगता येते. कृष्ण जन्माचं रहस्य सांगतो तेव्हाही कर्ण पांडवांकडे का जात नाही, या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या वाक्यात आधीच लिहिलेलं आहे.

कारण माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका. "का गेला? कळलं नाही" असं लिहून प्रश्नचिन्ह टाका. पुढे कारण कळलं की त्या जागी "पाहा भाग अमुक" लिहायचं. लेखकाने मुद्दाम झाकून ठेवलेल्या गोष्टी अशा प्रश्नचिन्हांमुळे वेगळ्या दिसतात. काही प्रश्नचिन्हं शेवटपर्यंत तशीच राहतात. ती खोडू नका, तीही कादंबरीची आठवणच असते.

निवेदक बदलत असेल तर प्रत्येक बैठकीच्या नोंदीआधी समासात त्याचं नाव लिहा. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाचे स्वतःचे चार भाग आहेत, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण यांचा प्रत्येकी एक. एखादी गोष्ट वृषालीला ठाऊक असते आणि दुर्योधनाला नसते. समासात नाव नसेल तर काही महिन्यांनी "हे कर्णाला माहीत होतं का?" याचं उत्तर वहीतून मिळत नाही. अनेक निवेदकांच्या कादंबरीत घटनेइतकंच ती कोणाला कधी कळली याला महत्त्व असतं.

### ५. कादंबरी संपल्यावर दोन दिवसांच्या आत शेवट लिहा

शेवट आपोआप लक्षात राहील असं वाटतं, कारण तो सर्वांत ताजा असतो. प्रत्यक्षात अनेकांना सुरुवातीची पन्नास पानं आठवतात आणि शेवट आठवत नाही. शेवटची पानं आपण घाईने वाचतो, बरेचदा रात्री जागून, आणि दुसऱ्या दिवशी नवं पुस्तक सुरू झालेलं असतं. तेव्हा नवं पुस्तक उघडायच्या आधी ही नोंद झालीच पाहिजे, हा एक नियम कडक पाळा.

उजव्या पानाच्या तळाशी सहा-सात ओळींची जागा शेवटासाठी सुरुवातीलाच चौकट करून राखून ठेवा. तिच्यात तीन गोष्टी लिहा. मुख्य माणसं शेवटी कुठे आणि कोणत्या स्थितीत आहेत? कोणत्या एका निर्णयामुळे शेवट असा झाला? आणि शेवटचं पान कोणत्या दृश्यावर किंवा कोणाच्या आवाजात संपतं?

> कर्णाने कवच-कुंडलं इंद्राला दिलेली, बदल्यात मिळालेली शक्ती घटोत्कचावर खर्च झालेली, म्हणून अर्जुनासमोर तो एकेक संरक्षण गमावून उभा राहतो. रथाचं चाक रुततं, अर्जुन बाण सोडतो. अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही, हे वचन कुंतीला दिलेलं. ते त्याने पाळलं. शेवटचा भाग कृष्णाच्या तोंडून.

"शेवटचा भाग कृष्णाच्या तोंडून" एवढ्या तुकड्यामुळे शेवटाचा सूर परत येतो. मरण कर्णाच्या तोंडून सांगता येत नाही, ते ज्याच्याकडे सोपवलं तो कर्णाला ओळखून होता आणि तरी विरुद्ध बाजूला होता. वहीत हे सगळं लिहायची गरज नाही, निवेदकाचं नाव पुरतं.

त्याच बैठकीत पट्टीवरची माणसं डाव्या पानावर उतरवा. उतरवताना गाळा. पट्टीवर तीस नावं असतील तर वहीत बारा-पंधरा येतील. ज्यांना वगळूनही गोष्ट सांगता येते ती माणसं वगळायची. घराणी असतील तर साधी वंशावळ काढा: वर आई-वडील, खाली मुलं, लग्नाला आडवी दुहेरी रेघ. लपवलेलं नातं तुटक रेघेने दाखवा. कुंतीपासून कर्णापर्यंतची तुटक रेघ आणि राधेपासून कर्णापर्यंतची सरळ रेघ शेजारी-शेजारी आल्या की पुस्तकातला पेच एका नजरेत दिसतो.

मतासाठी शेवटी एक ओळ. तीही नेमकी: "कुंतीचा भाग वाचल्यावर तिच्यावरचा राग ओसरला." "अप्रतिम, वाचलीच पाहिजे" या ओळीतून सहा महिन्यांनी काहीही परत मिळत नाही.

### ६. महिन्याने वही उघडा, पण आधी झाका

नुसतं लिहून ठेवल्याने गोष्ट वहीत राहते, डोक्यात राहीलच असं नाही. एक महिन्यानंतर अनुक्रमणिकेत कादंबरीचं नाव बघा, वहीचं उजवं पान कागदाने झाका आणि डावीकडची नावं वाचत गोष्ट तोंडाने सांगून बघा. ऐकणारं कोणी असेल तर उत्तम. घरच्यांना न वाचलेल्या कादंबरीची गोष्ट ऐकायला आवडते, आणि ते मध्येच "पण त्याने असं का केलं?" विचारतात, जे आपण स्वतःला विचारत नाही.

मग कागद काढा. जे निसटलं होतं त्याखाली हिरव्या पेनाने रेघ ओढा. पुन्हा काही लिहायचं नाही, फक्त रेघ. दहा मिनिटांत काम होतं. पुढची उजळणी सहा महिन्यांनी करा. त्या वेळी आधी हिरव्या रेघांकडे बघा, कारण तुमची आठवण कुठे पातळ होते ते त्यांनी आधीच दाखवलेलं असतं. दहा-बारा कादंबऱ्या झाल्या की एक कल दिसायला लागतो. कोणाच्या वहीत नातेवाइकांच्या नावांखाली हिरवं जास्त असतं, कोणाच्या घटनांच्या क्रमाखाली. पुढच्या कादंबरीला त्याच जागी जास्त लक्ष द्यायचं.

नेहमी अडखळायला होतं त्या जागा

आधीच माहीत असलेली गोष्ट हा सर्वांत फसवा प्रकार आहे, आणि 'मृत्युंजय' निवडण्याचं तेही एक कारण. महाभारत आपण आजीकडून ऐकलेलं असतं, कीर्तनात ऐकलेलं असतं, १९८८ ते १९९० मध्ये दूरदर्शनवर मालिका लागायची ती अनेकांनी पाहिलेली असते. त्यामुळे कादंबरी आठवायला गेलं की महाभारतच आठवतं आणि कादंबरी आठवली असं वाटतं. पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी उजव्या पानाच्या समासात फुली करा, जिथे जिथे लेखकाने स्वतःचं काही दिलं आहे तिथे. रथामागे धावणारा शोण, चंपानगरीतलं बालपण, वृषालीच्या नजरेतून दिसलेला नवरा, या जागांवर फुली येईल. उजळणीत आधी फुल्या आठवून बघा. त्या आठवल्या तर तुम्हाला कादंबरी आठवते आहे. फक्त द्यूत, वनवास आणि युद्ध आठवलं तर ती आठवण दुसरीकडची आहे. ज्या कादंबरीवर सिनेमा निघाला आहे तिलाही हेच लागू. शक्यतो सिनेमा बघायच्या आधी शेवटाची चौकट भरून टाका.

दुसरी अडचण मलपृष्ठावरच्या मजकुराची. दमलेलं असताना तो उतरवून काढायचा मोह होतो. तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो, त्यात शेवट नसतो आणि कारणंही झाकलेली असतात, म्हणजे आपल्याला हवं ते नेमकं नसतं. तसंच सुंदर वाक्यं उतरवण्याचं. एका कादंबरीतून एक वाक्य घ्या, फार तर दोन, आणि ते कोण कोणाला कधी म्हणतो हे सोबत लिहा. वाक्यांनी भरलेली वही चाळायला छान वाटते, पण तिच्यातून गोष्ट उभी राहत नाही.

नोंद न करता सलग तीन-चार बैठका गेल्या तर मागचं भरून काढायला बसू नका. जिथे आहात तिथून तीन ओळी लिहा आणि मधल्या भागासाठी "भाग अमुक ते अमुक: नोंद नाही" एवढंच लिहा. मागचं भरायचं म्हणून वही बाजूला राहते आणि ती तशीच राहते.

मोबाइलवर ठेवायची असेल तर

प्रवासात वाचणाऱ्यांना वही जड होते. मोबाइलच्या नोट्समध्येही हे सगळं जमतं. प्रत्येक कादंबरीची वेगळी नोट करा, नाव "कादंबरी – लेखक" याच क्रमाने द्या, आणि आत "माणसं", "गोष्ट", "शेवट" हे तीन मथळे ठेवा. शोध लागतो ही मोठी सोय, पण त्यासाठी एका नावाचं लेखन सगळीकडे एकच ठेवावं लागतं. एकदा "कुंतीभोज" आणि एकदा "कुंतिभोज" लिहिलं तर शोधल्यावर अर्ध्याच नोंदी सापडतात. ई-पुस्तकात अक्षर लहान-मोठं केलं की पान बदलतं, तिथे प्रकरण आणि परिच्छेदातले दोन-तीन ठळक शब्द लिहून ठेवा. ई-पुस्तकात ओळी रंगवून ठेवणं म्हणजे नोंद नव्हे, मिटलेल्या पुस्तकासमोरच्या तीन ओळी तिथेही लिहाव्याच लागतात. वंशावळ मात्र कागदावर काढून तिचा फोटो नोटमध्ये टाकलेला बरा, मोबाइलवर रेघा मारण्यात फार वेळ जातो.

आधी वाचून झालेल्या कादंबऱ्यांचं काय?

वही घेतली की पहिल्या उत्साहात मागच्या सगळ्या पुस्तकांच्या नोंदी करायची इच्छा होते. ते करू नका. सध्या हातात असलेल्या कादंबरीपासून सुरू करा, निम्मी वाचून झाली असली तरी चालेल. जुन्यांपैकी फार आवडलेल्या चार-पाच असतील तर प्रत्येकीला अर्धं पान द्या आणि पुस्तक न उघडता आठवेल तेवढंच लिहा, न आठवणाऱ्या नावांच्या जागी रेघा ठेवून. त्यातल्या एखादीत रेघाच जास्त झाल्या, तर वाचनालयातून पुन्हा कोणती कादंबरी आणायची ते ठरलं.